पिवळं पान दिसलं की लगेच ओढू नका

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ खरं तर कुंडीतली माती बदलण्यावर करायचा होता. पण गेले तीन आठवडे कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. सध्या एक प्रकारचे व्हिडिओ खूप फिरतायत, तुम्हीही पाहिले असतील. झाड समोर ठेवायचं, कात्री घ्यायची, पिवळी, तपकिरी, जरा कोमेजलेली अशी सगळी पानं एका बैठकीत काढायची आणि शेवटी हिरवंगार झाड दाखवायचं. त्यानंतर मला मेसेज येतात, "ताई, मी पण सगळी पिवळी पानं काढली, आता आणखी चार पिवळी झालीत. काय करू?"

म्हणून आज हेच बोलू.

प्रकाश किती, पाणी किती हे मी आज सांगत बसत नाही, त्यावर आधी बोलून झालंय. एवढंच लक्षात ठेवा की सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं एखादं पान पिवळं पडणं हे म्हातारपण आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता हे पान बघा. (मनी प्लँटची वेल कॅमेऱ्याजवळ आणते.) टोक आणि कडा हळदीसारख्या पिवळ्या झाल्यात, पण मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा अजून हिरवा आहे. दिसतंय? हे पान अर्धवट पिवळं आहे. सगळ्यात जास्त ओढली जातात ती हीच पानं, आणि माझी तक्रार याच पानांबद्दल आहे.

पान म्हातारं झालं की झाड आधी त्यातलं हरितद्रव्य मोडायला घेतं. हिरवा रंग जातो आणि आत पहिल्यापासून असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. याच काळात त्या पानातलं नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम शिरांमधून देठात आणि देठातून नव्या पानाकडे जात असतं. शिरेजवळचा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो तो यामुळेच, कारण माल बाहेर जायचा रस्ता तोच आहे. पानातल्या नत्र आणि स्फुरदापैकी साधारण निम्मा वाटा झाड असा परत घेतं. म्हणजे हे पान आत्ता कामावर आहे. तुम्ही ते तोडलंत की उरलेला माल कचऱ्याच्या डब्यात गेला.

एका ताईंनी लिहिलंय, "पिवळं पान झाडाची ताकद खातं असं ऐकलंय, म्हणून काढते." हे मी अगदी नर्सरीतल्या माळीकाकांकडूनही ऐकलंय. हे चुकीचं आहे हो. पिवळं होत चाललेलं पान देत असतं, घेत नसतं.

आता हेच दुसऱ्या बाजूने सांगते, कारण मनी प्लँटच्या एका पानाने फारसं बिघडत नाही. चाळीस पानांची निरोगी वेल आहे, घरी पाहुणे येणार आहेत, एक पिवळं पान डोळ्यांना खुपतंय, तर काढा. झाडाला कळणारही नाही. पण अरेका पामला कळतं.

हा माझा अरेका. गॅलरीत असतो, पूर्वेचं ऊन येतं. तीन वर्षांपूर्वी आणला तेव्हा बारा झावळ्या होत्या. पावसाळा संपता संपता खालच्या दोन पिवळ्या पडल्या, मी कापल्या. पंधरा दिवसांत त्यांच्या वरच्या दोन पिवळ्या, त्याही कापल्या. दर रविवारी मी नेमाने कात्री घेऊन बसायचे. दिवाळीपर्यंत पाच झावळ्या उरल्या आणि त्यातली एक पिवळी व्हायला लागली होती. झाड अक्षरशः माझ्या हाताने संपत होतं.

काय होत होतं ते नंतर कळलं. त्या कुंडीत पालाश कमी पडला होता. आपण कुंडीला वारंवार पाणी घालतो, ते खालच्या भोकातून वाहतं आणि पालाश सोबत घेऊन जातं. मग नवी झावळी काढायला झाड पालाश कुठून आणणार? सगळ्यात जुन्या झावळीतून. ती झावळी म्हणजे त्याचं कोठार होतं आणि मी दर रविवारी ते कोठारच कापून टाकत होते. खालचं कोठार गेलं की झाड त्याच्या वरच्या झावळीला हात घालतं. म्हणून पिवळेपणा एकेक पायरी वर चढतो. "काढली तर आणखी चार पिवळी झाली" असं तुम्ही लिहिता ना, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

ओळखायचं कसं? जुनी झावळी उजेडासमोर धरा. बारीक बारीक पिवळे-नारिंगी ठिपके दिसले आणि पातींची टोकं भाजल्यासारखी वाळली असतील, तर पालाशाची कमतरता. कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मध्ये देठाजवळ छान हिरवं, असं असेल तर मॅग्नेशियम. मी महिन्यातून एकदा दोन लिटर पाण्यात दोन ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि दोन ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून ओल्या मातीत द्यायला लागले. दोन्ही सोबत, कारण नुसता पालाश वाढवला की मॅग्नेशियम कमी उचललं जातं. आणि कात्री ठेवून दिली. जी पानं ठिपकाळली होती ती पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती होतही नाहीत. ती तशीच पिवळी, कुरूप लटकत राहिली, पूर्ण तपकिरी होऊन कडकडीत वाळली, तेव्हाच कापली. नव्या झावळ्या स्वच्छ यायला लागल्या, पण त्यात सात-आठ महिने गेले. आज दहा आहेत. मोजून घ्या.

याच गोष्टीची तिसरी बाजू म्हणजे जखम. पान गळायच्या आधी देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो. तिथून पान सुटतं आणि झाडाकडची बाजू आधीच बंद झालेली असते. पान अजून तयार नसताना ओढलंत, तर ते त्या जागेवरून सुटत नाही, सालीची पट्टी घेऊन येतं. वेलीवर ओली, उघडी जखम राहते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिथूनच कूज शिरते. मनी प्लँटचं तर प्रत्येक पान पेरापाशी असतं आणि नवा फुटवाही तिथूनच यायचा असतो. साल सोलली गेली की तो डोळाही जातो.

मी काय करते ते दाखवते. पान देठाजवळ दोन बोटांत धरायचं आणि अगदी हलक्या हाताने बाजूला वळवायचं. जोर लावायचा नाही. पान तयार असेल तर टपकन हातात येतं आणि पेरावर कोरडा, फिकट वण दिसतो. हे बघा, आलं. आता हे मघाचं अर्धवट पिवळं. वळवते... नाही येत. सोडून द्यायचं. मागच्या वर्षी मी अशा तीन पानांना दोरा बांधून ठेवला होता. पहिला पिवळेपणा दिसल्यापासून हातात येईपर्यंत एकाला नऊ दिवस लागले, एकाला दोन आठवडे आणि एकाला जवळजवळ तीन आठवडे. तेवढा धीर धरा.

अरेकाला ही परीक्षा लावू नका. त्याच्या झावळीचा खालचा भाग खोडाला गुंडाळलेला असतो. कोकणातल्या लोकांना पोफळीची विरी माहीत आहे, तिच्यावर बसवून आम्ही एकमेकांना अंगणभर ओढायचो. विरी वाळली की झावळीसकट आपोआप खाली येते. अरेकाचंही तसंच. तो कोष वाळून खोडापासून उचलला गेला की सोलायचा. हिरवा असताना ओढलात तर आतली कोवळी झावळी उघडी पडते. तोवर फक्त वाळलेला भाग कात्रीने कापा.

आता काही पानं मात्र एक दिवसही ठेवायची नाहीत. तपकिरी ठिपका, त्याभोवती पिवळं वलय आणि ठिपका दोन-तीन दिवसांत मोठा होतोय, तर तो बुरशीचा किंवा जिवाणूचा रोग आहे. पान हिरवं असलं तरी कापा, कात्री स्पिरिटने पुसा, पान पिशवीत बांधून बाहेर टाका, घरच्या कंपोस्टमध्ये नको. पान उलटं करून बघा: कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण, बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके असतील तर लाल कोळी. पान फार भरलं असेल तर तेही काढा. आणि मऊ, पाणचट, वास येणारं पान तर लगेचच. इथे झाड काही परत घेण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, रोग शेजारच्या पानावर जाईल.

पाच-सहा पानं एकदम पिवळी झाली तर? बोट मातीत दोन पेरं खुपसा. चिखल लागला तर मुळं गुदमरतायत. पानं काढून इथे काहीच साधत नाही, उलट माती वाळवायला मदत करणारी पानंच कमी होतात. पाणी थांबवा, कुंडी उजेडात हलवा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर तो लोहाचा प्रश्न आहे, बोअरवेलच्या जड पाण्यावरच्या झाडांत हे पुष्कळ दिसतं. ती पानं तर नवीन आहेत, त्यांना हात लावू नका.

राहिली तपकिरी टोकं. "स्नेक प्लँटचं टोक कापलं, पुन्हा तपकिरी झालं," असं एका दादांनी लिहिलंय. दादा, तुम्ही हिरव्यात कापलंत. कापलेली हिरवी कड वाळून पुन्हा तपकिरी होणारच. वाळलेल्या भागाची एक बारीक रेघ ठेवून पानाच्या आकारात कापा. आणि स्नेक प्लँटचं अख्खं पान फक्त टोकासाठी काढू नका, त्याला नवं पान यायला फार वेळ लागतो.

मनी प्लँट, पीस लिली कापलीत तर हात धुवा, चिकाने खाज सुटते. गळून कुंडीत पडलेली पानं मात्र रोज उचला, ओल्या मातीवर ती सडतात आणि चिलटं होतात.

आणि कमेंटमध्ये प्रश्न विचाराल तेव्हा नुसतं "पान पिवळं झालंय" असं लिहू नका. पान वरचं की खालचं, किती पानं, आणि माती ओली की कोरडी, एवढं सांगा. शक्य असेल तर पानाच्या मागच्या बाजूला काय दिसतं तेही लिहा, मग मला नीट उत्तर देता येईल.