चीज खाल्लं आणि डोकं ठणकलं

(दृश्य: लाकडी फळीवर जुनं, पिवळट चेडर चीज. सुरी हळूच तुकडा कापते.)

1963 साल. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातला तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल एका कोड्यात अडकला होता. ट्रॅनिलसिप्रोमिन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्या काही रुग्णांचं डोकं एकाएकी ठणकायला लागायचं आणि रक्तदाब भलताच चढायचा. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ब्लॅकवेलनं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं, आणि ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्यानं त्याला पत्र पाठवलं. त्याची बायको हेच औषध घेत होती आणि चीज खाल्लं की तिला नेमका हाच त्रास व्हायचा. लोण्यानं किंवा दुधानं मात्र काहीच होत नसे.

सुरुवातीला या पत्रावर कुणाचा विश्वास बसला नाही. चीजसारखा रोजच्या जेवणातला पदार्थ असं काही करेल, हे पटणार तरी कसं? ब्लॅकवेल आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं स्वतः ते औषध घेतलं, वर चीज खाल्लं. काही झालं नाही. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पुढे रुग्णालयात ज्यांचं डोकं दुखलं, त्यांनी जेवणात काय घेतलं होतं हे पाहिलं, तर चीज पुन्हा पुन्हा सापडू लागलं. अखेर औषध चालू असलेल्या एका रुग्णानं स्वखुशीनं चीज खाल्लं. ब्लॅकवेलनं रक्तदाब मोजला. तो खरोखरच चढला, डोकंही ठणकलं.

(दृश्य: आतड्याच्या आतल्या भिंतीचं रेखाचित्र.)

त्या चीजमध्ये होतं टायरामिन. चीज महिनोन् महिने मुरतं, तेव्हा दुधातली प्रथिनं फुटून टायरोसिन मोकळं होतं आणि जिवाणू त्याचं टायरामिन करतात. नावही ग्रीकमधल्या 'चीज' या शब्दावरूनच पडलं आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं. जेवणातून आलेलं टायरामिन ते रक्तात शिरण्याआधीच मोडून टाकतं. ट्रॅनिलसिप्रोमिन, फेनेल्झिन यांसारखी औषधं नेमकं हेच विकर बंद पाडतात. पहारा उठला की टायरामिन थेट मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचतं आणि तिथला नॉरअॅड्रेनालिन या रसायनाचा साठा बाहेर ढकलतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो.

मग ब्लॅकवेलला स्वतःला काही का झालं नाही? या गोष्टीतला सगळ्यात धोक्याचा भाग मला हाच वाटतो. दोन चीजमध्ये टायरामिन सारखं नसतं, एकाच चीजच्या दोन तुकड्यांतही नसतं. ते वासावरून कळत नाही, चवीवरून कळत नाही, शिजवून जातही नाही. म्हणून 'मागच्या वेळी खाल्लं, काही झालं नाही' हा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

(दृश्य: सोया सॉसची बाटली. चमच्यात काळसर धार.)

सोयाबीन आंबवलं की तेच घडतं. सोया सॉस, मिसो, आंबवलेलं टोफू. 1999 साली कॅनडात तपासलेल्या एका सोया सॉसमध्ये लिटरमागे 941 मिलिग्रॅम टायरामिन निघालं. आता हिशोब करू. मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, म्हणजे त्यात सुमारे 14 मिलिग्रॅम. ही औषधं घेणाऱ्याला 6 ते 10 मिलिग्रॅमनंही त्रास सुरू होऊ शकतो, आणि त्याहून वर गेलं की तो गंभीर होण्याची भीती असते. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाला मात्र काहीशे मिलिग्रॅमपर्यंत फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या बाटलीत याच्या कितीतरी कमी टायरामिन असू शकतं. पण लेबलवर तो आकडा नसतो.

ताजं पनीर आणि ताजं दही या यादीत येत नाहीत, कारण ते मुरलेले नसतात. आणि आज आपल्याकडे सर्रास दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची औषधं हे विकर बंद पाडत नाहीत. ती घेणाऱ्यांनी चीजला घाबरून गोळी सोडू नये.

त्रास बहुधा जेवणानंतर अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, मान ताठ, छातीत धडधड, दरदरून घाम. अशा वेळी पडून राहायचं नाही, घरात शोधून रक्तदाबाची गोळीही घ्यायची नाही. थेट रुग्णालयात जायचं आणि कोणतं औषध चालू आहे, काय खाल्लं, हे दोन्ही सांगायचं. विकर बंद पाडणाऱ्या गोळ्या थांबवल्या तरी पथ्य आणखी दोन आठवडे पाळावं लागतं, कारण शरीराला ते विकर नव्यानं तयार करावं लागतं.

(दृश्य: क्षयरोग विभागाची ओपीडी. बाकावर रुग्ण.)

हे विकर बंद पाडणाऱ्या गटातलं पहिलं औषध, इप्रोनियाझिड, मुळात क्षयासाठी आणलं होतं. 1952 च्या सुमारास ते घेणारे क्षयरुग्ण वॉर्डात एकाएकी उल्हसित दिसू लागले, आणि त्यातून नैराश्यावर उपाय सापडला. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड देतात. तेही हेच विकर थोडंसं दाबतं. त्यामुळे त्या बाकावरच्या माणसालाही मुरलेलं चीज आणि सोया सॉस भरपूर खाऊ नका, असं सांगावं लागतं.