नवशिक्यांसाठी स्क्रीन रेकॉर्डिंगचा आराखडा

सॉफ्टवेअर शिकवणारा व्हिडिओ करायला बसलेला माणूस बहुधा आधी रेकॉर्डिंग सुरू करतो आणि मग बोलायला शब्द शोधतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात याच्या उलट शिस्त आहे. तिथे आधी आराखडा होतो, मग दोन रकान्यांची संहिता लिहिली जाते, ज्यात एका बाजूला पडद्यावर काय दिसेल आणि दुसऱ्या बाजूला काय बोलले जाईल हे असते. ती संहिता सॉफ्टवेअर न येणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतल्यावरच रेकॉर्डिंग होते आणि एक पाठ साधारण 10 मिनिटांचा ठेवला जातो. आज मी बोलणार आहे ते यातल्या पहिल्या टप्प्याबद्दल, म्हणजे आराखड्याबद्दल, आणि त्यासाठी एकच उदाहरण घेणार आहे.

समजा, लिबरऑफिस कॅल्कमध्ये बचत गटाच्या पाच सभासदांच्या वर्गणीची बेरीज शिकवायची आहे. A कॉलममध्ये नावे आहेत, B2 ते B6 या सेलमध्ये 500, 500, 300, 500 आणि 200 हे आकडे आहेत, आणि B7 मध्ये पुढील सूत्र लिहिल्यावर 2000 हे उत्तर यायला हवे.

```
=SUM(B2:B6)
```

जाणकाराच्या दृष्टीने ही एकच पायरी आहे, आणि आराखडा फसतो तो इथेच. पायरी कुठे संपते हे आपल्या हाताच्या वेगावरून ठरवायचे नसून, विद्यार्थ्याला स्वतःच्या पडद्याची व्हिडिओशी तुलना कुठे करता येईल यावरून ठरवायचे असते. म्हणून पहिली पायरी B7 वर क्लिक करण्याची, कारण क्लिक झाल्यावर त्या सेलभोवती ठळक चौकट दिसते आणि डावीकडे वर, नेम बॉक्समध्ये, B7 हा पत्ता उमटतो. दुसरी पायरी मात्र बरोबरच्या चिन्हापासून एंटर दाबेपर्यंत सलग ठेवावी लागते.

ती का तोडू नये, हे विरामाशी निगडित आहे. नवशिका व्हिडिओ थांबवतो आणि आपल्या शीटकडे वळतो. त्याने नुसते = टाइप केले असताना आपण विराम दिला, आणि आकडे नीट आहेत ना हे बघायला त्याने B2 वर क्लिक केले, तर कॅल्क त्या क्लिकचा अर्थ ‘हा पत्ता सूत्रात घे’ असा लावतो. सूत्रात B2 शिरते, आपण काय केले हे त्याला कळत नाही, आणि आणखी क्लिक करून तो गुंता वाढवतो. त्यामुळे अर्धवट सूत्रावर विराम नको, आणि सूत्र लिहिण्यापूर्वी ‘मध्येच घोटाळा झाला तर एस्केप दाबा’ हे वाक्य आराखड्यात हवे.

विराम कृतीनंतर द्यावा, तोही पडदा स्थिर ठेवून. ‘व्हिडिओ इथे थांबवा’ असे म्हणून आपण लगेच पुढचा मेनू उघडला, तर विद्यार्थ्याने बटण दाबेपर्यंत तो मेनू नेमका उत्तरावर पसरलेला असतो. सूचनेनंतर तीन-चार सेकंद माउसही हलवू नये. संकलनात हे रिकामे सेकंद कापून टाकायचा मोह होतो, म्हणून आराखड्यातच ‘स्थिर’ अशी नोंद करावी.

आता चुका. सगळ्या संभाव्य चुका दाखवू गेलो तर मूळ पाठ बुडतो, तेव्हा निवड करावी लागते, आणि माझा निकष असा आहे की ज्या चुकीबद्दल सॉफ्टवेअर स्वतः बोलते ती मागे ठेवावी. सूत्रात चुकून B7 हाच सेल घेतला तर Err:522 दिसते. निदान काहीतरी बिघडले हे विद्यार्थ्याला समजते. पण B4 मध्ये कोणी ‘300 रुपये’ असे लिहिले, तर कॅल्क त्याला मजकूर समजतो, SUM तो सेल मुकाट्याने वगळतो आणि उत्तर 1700 येते. कुठेही तक्रार नाही. हिशेबाच्या कामात ही चूक सर्वांत घातक, म्हणून ती मुद्दाम करून दाखवावी.

ती कुठे दाखवावी? आकडे भरताना नव्हे, कारण तेव्हा तिचा परिणाम दिसत नाही. आधी बरोबर उत्तर 2000 येऊ द्यावे, विराम द्यावा, मग B4 बदलून बेरीज 1700 होताना दाखवावी आणि तिची खूण सांगावी: एरवी आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकतात, हा मजकूर डावीकडे गेला आहे. मग पुन्हा 300 लिहून 2000 आणावे. पाठ बिघडलेल्या शीटवर संपला, तर अनेकजण तीच शीट जतन करून ठेवतात.

आराखडा झाला की तो कॅल्क न वापरलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावा आणि आपण गप्प बसावे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न देता आराखड्यात नवी ओळ लिहावी. अशा ओळी वाढून पाठ 10 मिनिटांत मावेनासा झाला, तर बोलण्याचा वेग वाढवू नये. आकडे भरण्याचा एक आणि बेरजेचा दुसरा, असे दोन व्हिडिओ करावेत आणि दुसऱ्यासाठी आकडे भरलेली फाइल सोबत द्यावी.