शंका तशीच ठेवायची

(दृश्य: राजारामपुरी, सकाळ. जिन्यावरून वर जाणारा कॅमेरा. खिडकीजवळचं टेबल.)

टेबलावर चार कागद. मानेतल्या गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांनी हाताने लिहिलेला सारांश आणि औषधांची चिठ्ठी. चारही इंग्रजीत. ज्यांचे ते आहेत, त्या कागलजवळच्या अठ्ठावन्न वर्षांच्या आई इंग्रजी वाचत नाहीत. मुलगा जर्मनीत आहे. तिथल्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलंय, आणि त्यांनी कागद जर्मनमध्ये मागितलेत.

अनुवादाचं हे काम मॅडमकडे आलंय. त्या पंधरा-सोळा वर्षं कोल्हापुरात जर्मन शिकवतात. पहिल्या वाचनात त्या पेन हातात घेत नाहीत.

(दृश्य: सारांशाचा कागद, अगदी जवळून. एका ओळीवर बोट.)

बोट थांबलंय ते तीन अक्षरी खुणेवर. आर, तिरकी रेघ, ओ. पुढे शब्द आहे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. ही खूण म्हणजे ‘रूल आउट’: हा आजार नाही ना, ते तपासून बघा. पण घाईत वाचणारा तीच खूण ‘रूल्ड आउट’ अशी वाचतो, म्हणजे हा आजार नाही. एक काम अजून व्हायचंय, दुसरं होऊन गेलंय.

जर्मनमध्येही हाच खड्डा आहे. ‘आउसश्लुस’ एवढंच लिहिलं तर आजार वगळला असाही अर्थ निघतो. मॅडम त्याच्या आधी ‘त्सुम’ लिहितात. ‘वगळण्यासाठी’. एवढ्या एका शब्दावर त्यांनी अर्धा तास घालवला, आणि तो अर्धा तास आम्ही मुद्दाम कापला नाही.

त्याच्या वरच्या ओळीत एस, रेघ, ओ. इथे ते ‘सजेस्टिव्ह ऑफ’. पेशी क्षयरोगाकडे बोट दाखवतात, पण सिद्ध करत नाहीत. सुईने गाठीतल्या थोड्या पेशीच बाहेर येतात, गाठीची आतली मांडणी दिसत नाही. म्हणून तर डॉक्टरांनी दोन्ही आजारांची नावं लिहिलीत. अनुवादात ‘क्षयरोग आहे’ असं झालं, तर डॉक्टरांनी जे म्हटलंच नाही ते त्यांच्या नावावर जातं.

(दृश्य: गोळ्यांचं चंदेरी पाकीट, खिडकीच्या उजेडात धरलेलं.)

चिठ्ठीवर लिहिलंय, ‘ए.के.टी. सहा आठवडे’. आपल्याकडे केमिस्टच्या दुकानातल्या पोरालाही हे कळतं: अँटी कॉक्स ट्रीटमेंट, क्षयाचं औषध. टीबी हा शब्द घरात धसका देतो, म्हणून आपले डॉक्टर कितीदा ‘कॉक्स’ म्हणतात. हे नाव रॉबर्ट कॉख यांचं, १८८२ साली बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर करणारे जर्मन शास्त्रज्ञ. पण त्यांच्याच देशात ‘ए.के.टी.’ लिहून पाठवलं, तर वाचणारा चक्रावेल. मॅडमनी पाकीट मागवून घेतलं. त्यावरून चारही औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम उतरवले: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. ब्रँडचं नाव कंसात.

(दृश्य: रक्ताचा रिपोर्ट. आकड्यावर पेन्सिलीचं वर्तुळ.)

प्लेटलेट १,८५,०००. आपल्या डोळ्यांना हे एक लाख पंच्याऐंशी हजार. जर्मनीत मात्र स्वल्पविराम हे दशांशचिन्ह, आणि हजार दाखवायला टिंब. म्हणून तिकडे १८५.०००, आणि शेजारी मूळ आकडा जसा छापलाय तसा. एकक बदलायचं नाही. नॉर्मल किती ते कोल्हापूरच्या लॅबने छापलंय तेच ठेवायचं, कारण ते त्या लॅबच्या मशीनचं आहे. आणि सारांशातला एक शब्द डॉक्टरांना फोन करूनही लागला नाही, तिथे मॅडमनी लिहिलं, ‘वाचता येत नाही’. अंदाज केला नाही.

(दृश्य: स्टेपलर. प्रत्येक अनुवादामागे मूळ पानाची झेरॉक्स.)

जर्मनीहून उत्तर आलं: अख्खी गाठ काढून तपासा. ती काढली. क्षयच निघाला, औषधं चालू आहेत.

ते उत्तर मॅडमनी मराठीत करून दिलं. आजाराबद्दलचा हा पहिलाच कागद, जो आईंनी स्वतः वाचला.

(दृश्य: सोप्यात आई. चष्मा. ओठ हलतात. आवाज मूळचा ठेवावा.)

“बाई, ह्यात ‘दिसून येते’ असं लिवलंय. ‘हाय’ असं न्हाई?”

“नाही हो आई. त्यांनी ‘दिसून येते’ असंच लिहिलंय.”

आई कागदाची घडी घालतात, उघडतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात.