मेनूकार्डातले ठिपके जागेवर कसे ठेवावेत
(डीटीपी आणि छपाईचं काम करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

हॉटेलमालक सकाळी व्हॉट्सॲपवर मेनूकार्डाची जेपीजी पाठवतो आणि खाली लिहितो, 'दोनच रेट बदलायचेत, पाच मिनिटांचं काम आहे.' कोरलची मूळ फाइल ज्या प्रेसमध्ये झाली ती प्रेस बंद झालेली असते, नाहीतर फाइल हार्डडिस्कसकट गेलेली असते. आपल्या हातात फक्त चित्र. त्यात अक्षरं नाहीत, पदार्थांची नावं नाहीत, किमती नाहीत. नुसते पिक्सेल आहेत. आज मी एवढ्याच कामाबद्दल बोलणार आहे.

एका ओळीची रचना आधी बघू. डाव्या कडेला नाव, उजव्या कडेला किंमत, मध्ये ठिपक्यांची रांग. नावाची डावी कड आणि किमतीची उजवी कड या दोन्ही पक्क्या असतात. लांबी कमी-जास्त होते ती ठिपक्यांची. म्हणून बदल कुठलाही असो, त्याची भरपाई ठिपक्यांनी करायची, आणि तीसुद्धा पूर्ण ठिपके काढून किंवा घालून. रांग ओढून लांब करायची नाही, दाबून आखूड करायची नाही, बाजूला सरकवायचीही नाही. हे कळलेला माणूससुद्धा घाईत रांगेला सिलेक्शन करतो आणि कोपरा धरून चिमटतो. मग त्या एका ओळीतले ठिपके दाट दिसतात, अंडाकृती होतात, आणि गिऱ्हाइकाला कारण सांगता आलं नाही तरी नजर तिथेच अडकते.

आता एक कार्ड समोर ठेवू. ए-फोर आकार, १५० डीपीआय, म्हणजे चित्र १२४० बाय १७५४ पिक्सेल. फिकट क्रीम रंगाची पार्श्वभूमी, गडद तपकिरी अक्षरं. पहिल्या काही ओळी अशा: दही मिसळ १२०, पुरी भाजी ८०, मिसळ पाव ९०, थालीपीठ ७०, साबुदाणा खिचडी ६०. मालकाला मिसळ पाव ११० करायचाय आणि थालीपिठाचं 'थालीपीठ लोण्यासह' करायचंय.

हात लावण्याआधी मोजमाप. चित्र ८०० टक्क्यांवर मोठं करा आणि तीन उभ्या गाइड टाका: एक नावांच्या डाव्या कडेला, एक किमतींच्या उजव्या कडेला आणि तिसरी मधल्या कुठल्याही एका ठिपक्याच्या बरोबर मध्यातून. ही तिसरी गाइड महत्त्वाची. ती खाली-वर सगळ्या ओळींत ठिपक्याच्याच मध्यातून जात असेल, तर ठिपके सगळ्या कार्डाला मिळून एका जाळीवर बसलेले आहेत. नीट टॅब लावून केलेली कार्डं बहुधा अशी निघतात. जात नसेल, तर कुणीतरी प्रत्येक ओळीत पूर्णविरामाची कळ दाबून धरलेली आहे, आणि तिथे प्रत्येक ओळीचा हिशोब वेगळा. आपलं कार्ड पहिल्या प्रकारचं आहे.

मग दोन ठिपक्यांतलं अंतर. एकच अंतर मोजू नका. स्क्रीनवर कधी ११ दिसेल, कधी १२. लांब मोजा: चाळीस अंतरांना ४६० पिक्सेल भरतात, म्हणजे एक अंतर ११.५. हा अर्धा पिक्सेल सोडून १२ धरलं, तर चाळिसाव्या ठिपक्याला २० पिक्सेलची चूक होते, म्हणजे जवळपास दोन ठिपक्यांची. ओळींमधलं अंतरही तसंच दहा ओळी मिळून मोजायचं. इथे ते ६२.५ आहे.

हे अर्धे पिक्सेल डोळ्यांना कसे दिसतात ते जवळून बघा. अंतर ११.५ असल्यामुळे एक ठिपका पिक्सेलच्या चौकटीत चपखल बसतो आणि काळाभोर दिसतो. त्याच्या शेजारचा दोन पिक्सेलांत वाटला जातो आणि थोडा फिका, थोडा रुंद दिसतो. गडद, फिका, गडद, फिका अशी ती रांग चालते. तुम्ही रांगेचा तुकडा उचलून एक ठिपका बाजूला चिकटवलात, तर जोडावर दोन गडद किंवा दोन फिके शेजारी येतात. छापल्यावर तो जोड बारीक भेगेसारखा दिसतो. म्हणून ठिपके उधार घ्यायचेच असतील तर ते दुसऱ्या ओळीतून, बरोबर त्याच उभ्या रेषेतून घ्या, आणि शिफ्टची कळ धरून सरळ खाली किंवा वर आणा. ओळींचं अंतर ६२.५ असल्याने लगतच्या ओळीतून घेतलेत तर उभ्या दिशेने अर्धा पिक्सेल चुकेल. एक ओळ सोडून घ्या, म्हणजे हलवायचं अंतर पूर्ण १२५ पिक्सेल होतं आणि ठिपक्यांचा काळेपणा जुळतो.

आता किंमत. बरेच जण ९० पुसून ११० नव्याने टाइप करतात. गरज नाही. शून्य जिथे आहे तिथेच राहणार आहे, त्याला हात लावू नका. किमतीपुढे '/-' असेल तर तेही जागचं हलत नाही. दहम स्थानचा ९ जाऊन १ येतो आणि शतम स्थानी आणखी एक १ येतो, इतकंच. आणि तो १ आपल्याकडे आहे: दही मिसळीच्या १२० मधला. या फाँटमध्ये प्रत्येक अंकाला २४ पिक्सेलची जागा आहे, त्यामुळे तोच १ शतम स्थानी सरळ येतो आणि त्याची प्रत २४ पिक्सेल उजवीकडे सरकवली की दहम स्थानी बसते. सगळ्या फाँटमध्ये असं नसतं. काहींत १ बारीक असतो आणि त्याला जागाही कमी दिलेली असते. कार्डातल्या इतर तीन अंकी किमती बघून हे आधीच कळतं.

नव्या अंकाने डावीकडे २४ पिक्सेल जागा खाल्ली. शेवटचा ठिपका आणि ९ यांच्यात पूर्वी १४ पिक्सेल मोकळे होते. दोन ठिपके काढले की २३ पिक्सेल मोकळे होतात, आणि नवं अंतर १३ उरतं. ठीक आहे. पडताळा घ्यायला दही मिसळीची ओळ आहेच: दोघींचा शेवटचा ठिपका एकाखाली एक आला पाहिजे, कारण दोघींच्या किमती आता तीन अंकी आहेत.

ठिपके पुसायचे कसे, हाही प्रश्न आहे. ब्रशने क्रीम रंग भरू नका. जेपीजी आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र दाबते, त्यामुळे अक्षरांभोवती आणि ठिपक्यांभोवती फिकट डागांची एक झालर असते आणि मोकळा कागदही अगदी एकरंगी नसतो. सपाट रंगाचा ठिगळ तिथे लगेच उघडा पडतो. मार्जिनमधला कोरा तुकडा उचलून वर ठेवा आणि तो झालरीसकट झाकेल इतका मोठा घ्या.

नावाचं काम जास्त त्रासाचं. अंक सुटे असतात म्हणून उचलता येतात; देवनागरी शब्दाला शिरोरेषा असते. दोन शब्दांतली अक्षरं जोडायला गेलात आणि एक पिक्सेल चुकला, तर शिरोरेषेला पायरी पडते. शिवाय 'लोण्यासह' मधला 'ण्या' कार्डात दुसरीकडे मिळणं कठीण. म्हणून नावात भर घालायची तर फाँट ओळखून टाइप करणंच बरं. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेलं नसेल, तर जोडाक्षर फुटतं आणि वेलांटी भलत्या जागी जाते. हे आधी तपासा. रंग शुद्ध काळा किंवा अंदाजाने घेऊ नका, जाड दांड्याच्या मध्यातून उचला. नवी अक्षरं शेजारच्यांपेक्षा कोरीव दिसतात, त्यांना ०.३ पिक्सेलचा हलका ब्लर द्या. मापाला बेसलाइन आणि शिरोरेषा दोन्ही धरा: शिरोरेषा शेजारच्या शब्दाच्या रेषेत सरळ जायला हवी. फाँट मिळालाच नाही, तर अर्धा शब्द जुना आणि अर्धा नवा ठेवू नका. त्या ओळीतलं सगळं नाव नव्या फाँटात घ्या.

'थालीपीठ' २६२ पिक्सेलवर संपत होतं, नवं नाव ३९५ वर संपतं. वाढ १३३. अकरा ठिपके काढले तर १२६.५ मोकळे होतात आणि नाव व पहिला ठिपका यांच्यात पूर्वीच्या १२ पैकी जेमतेम साडेपाच पिक्सेल उरतात. 'ह' ठिपक्याला टेकल्यासारखा दिसतो. बारा काढले की १३८ मोकळे होतात आणि अंतर १७ होतं. बारा काढा. काही जणांना १७ खटकतं आणि ते पहिला ठिपका थोडा डावीकडे ढकलतात. असं करू नका. जाळीवरच्या कार्डात नावापुढची मोकळी जागा प्रत्येक ओळीत वेगळीच असते, एका ठिपक्याच्या अंतराइतका फरक तिच्यात सहज पडतो. 'पुरी भाजी' आणि 'साबुदाणा खिचडी' पुढची जागा मोजा, पटेल.

पुसताना उकार विसरले जातात हे जाता जाता सांगतो. 'पुरी' बदलली आणि बेसलाइनखाली उकाराची शेपटी तशीच राहिली, असं छापलेलं कार्ड मी बघितलेलं आहे. रफाराचंही तसंच. पट्टी वरखाली पुरेशी उंच घ्या.

काम झालं की मूळ चित्र वरच्या लेअरवर ठेवून ब्लेंडिंग मोड Difference करा. जिथे काही बदललं नाही तिथे सगळं काळंकुट्ट दिसलं पाहिजे. दोन ओळींत उजेड दिसेल, तो अपेक्षितच. त्या सोडून आणखी कुठल्या ओळीत काही चमकलं तर चुकून काहीतरी हललंय. मग तसाच दुसरा ताळा: बदललेल्या ओळीची प्रत १२५ पिक्सेल वर नेऊन त्याच मोडमध्ये ठेवा. दोन्ही ओळींत जिथे जिथे ठिपके आहेत तिथे ते एकमेकांत विरून जवळपास काळे व्हायला हवेत. बारीक चंद्रकोरी दिसल्या तर रांग सरकलीय.

फाइल पीएनजीत ठेवा. परत जेपीजी केली की सगळ्या कार्डावर नवी झालर चढते, आणि पुढच्या दिवाळीला रेट वाढले की पुन्हा. मालकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवलीत तर व्हॉट्सॲप ती दाबतं.

मघाशी कुणीतरी विचारलं, मोबाइलने काढलेला फोटो आला तर? त्यात कार्ड तिरकं असतं, जवळच्या बाजूचे ठिपके मोठे आणि लांबचे लहान असतात, मग ११.५ सारखा एक आकडा संपूर्ण पानाला लागूच होत नाही. आधी पर्स्पेक्टिव्ह सरळ करा, एकदाच, आणि मग मोजा. काम झाल्यावर परत तिरकं करू नका. कार्डाला घडी पडलेली असेल किंवा कागद फुगलेला असेल, तर सरळ करूनही ओळी वाकड्याच राहतात. असा फोटो आला, किंवा पाच-सहा ओळींहून जास्त बदल असले, तर मी कार्ड नव्याने बांधायचे पैसे सांगतो. कोरलमध्ये पॅराग्राफ टेक्स्ट घ्यायचं, किमतीच्या कडेला उजवा टॅब लावायचा, त्याच टॅबला ठिपक्याचा लीडर द्यायचा. आर्टिस्टिक टेक्स्टला हे करता येत नाही. एकदा बांधलं की नाव वाढवा, किंमत वाढवा, ठिपके आपोआप कमी-जास्त होतात. एकच पथ्य: छपाईला देण्याची कर्व्ह केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, आणि टाइप करता येणारी मालकाच्या ईमेलवरही टाकून द्या.