ग्लॉसी की मॅट? आधी भिंत बघा

नमस्कार श्रोतेहो.

फोटो मोठा करून घ्यायला लॅबमध्ये गेलात की काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "ग्लॉसी की मॅट?" आणि आपण काहीतरी सांगून मोकळे होतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. फोटो कुठे लागणार, तो किती अंतरावरून बघितला जाणार आणि त्यावर काच असणार की नाही, हे ठरलं की कागदाचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

एक उदाहरण घेऊ. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या कार्यक्रमात मोबाइलवर घरातल्या वीस जणांचा आडवा फोटो काढला. तो फ्रेम करून त्यांना भेट द्यायचा आहे. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर स्विचबोर्ड आणि खिडकी यांच्यामध्ये तीन फुटांची जागा आहे. समोर बाल्कनीचं दार. बसणारा माणूस फोटोपासून साधारण सहा-सात फुटांवर.

आधी आकार. लॅबमध्ये १२ बाय १८ इंच हा आकार सहज मिळतो. पण भिंतीवर जातो तो नुसता फोटो नव्हे. चारी बाजूंनी दोन इंचांचा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा तो जाड पुठ्ठा, आणि एक इंचाची पट्टी धरली तर फ्रेम १८ बाय २४ इंचांची होते. तेवढा वर्तमानपत्राचा तुकडा कापून टेपने भिंतीवर चिकटवा आणि सोफ्यासमोर बसून बघा. तीन फुटांच्या जागेत दोन फुटांची फ्रेम नीट बसते, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट मोकळा राहतो.

आता फाइल. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो बहुधा ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे चारास तीन या प्रमाणात. १२ बाय १८ चं प्रमाण मात्र तिनास दोन. हा फोटो त्या कागदावर पूर्ण भरायचा तर उंचीतला एक नवमांश भाग कापावा लागतो. लॅबचं मशीन तो वरून-खालून सारखा कापून टाकतं, आणि मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं जातं. त्यात माउंटही कडेवर पाव इंच चढतो. म्हणून कुठून कापायचं ते स्वतः ठरवा, किंवा सरळ सांगा, "फोटो कापू नका, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल." मग त्याच कागदावर १२ बाय १६ चा पूर्ण फोटो येतो आणि दोन बाजूंना एकेक इंच कोरा राहतो, जो माउंटखाली झाकता येतो. फक्त फ्रेमवाल्याला माउंट त्या मापाने कापायला सांगायचं. वीस जणांच्या फोटोला मी हाच मार्ग घेईन.

१६ इंचांत ४०३२ पिक्सेल, म्हणजे इंचाला अडीचशे. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला तीनशे लागतात असं म्हणतात ते खरं आहे, कारण फूटभर अंतरावर आपला डोळा साधारण तेवढंच बारीक वेगळं ओळखू शकतो. अंतर वाढलं की ही गरज झपाट्याने कमी होते. सहा फुटांवरून इंचाला शंभरही चालून जातात.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो का चालत नाही? नेहमीच्या पद्धतीने पाठवला की अनेकदा त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १६ इंचांवर इंचाला शंभर. हिशेबाने सहा फुटांवरून ठीक दिसायला हवा, आणि दिसतोही. पण समूहफोटो कोणी तेवढ्या लांबून बघत नाही. आलेला प्रत्येक पाहुणा उठून जवळ जातो आणि "ही कोण?" म्हणून बोट ठेवतो. एका रांगेत दहा जण धरले तर १६०० पिक्सेलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला १६० येतात, त्यात चेहरा जेमतेम साठ-सत्तरांचा. त्यावर फाइल लहान करताना झालेली नासधूस. नाक-डोळे मेणासारखे गुळगुळीत होतात. मूळ फाइलमध्ये तोच चेहरा अडीचपट रुंद असतो. एकट्या माणसाचा जवळून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊनही निभावतो, समूहफोटो नाही. तेव्हा ज्याने फोटो काढला त्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल तशीच येते.

मोठा प्रिंट काढण्याआधी एक छोटी चाचणी करा. त्याच फाइलमधून चेहऱ्यांचा, मोठ्या प्रिंटमध्ये चार बाय सहा इंच व्यापेल एवढाच तुकडा कापा, म्हणजे या उदाहरणात साधारण १५०० बाय १००० पिक्सेल, आणि तो चार बाय सहाच्या कागदावर छापून घ्या. अंतिम फोटोत चेहरे किती स्पष्ट येणार ते हातात दिसतं. दुसरं कळतं ते उजेडाचं. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाशतो, कागद खोलीतलाच उजेड परत देतो, म्हणून पडद्यावर छान वाटलेला फोटो कागदावर काळवंडलेला येतो. चाचणीचा तुकडा त्याच भिंतीवर धरून बघा. अंधारा वाटला तर फोटो थोडा उजळ करा.

आता कुठे कागदाचा प्रश्न येतो. ग्लॉसी पृष्ठभाग उजेड एकाच दिशेला परत फेकतो. त्या दिशेला तुम्ही नसाल तर काळा रंग खोल आणि पैठणीचे रंग भरदार दिसतात, असाल तर नुसती बाल्कनी दिसते. मॅट तोच उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून चमक नाही, पण काळ्यावर किंचित राखाडी साय येते. मात्र वर साधी काच बसवली की मॅटचा हा फायदा जवळपास संपतो, कारण चमकते ती काच. माझा कल असा: काच लावणार असाल तर मधला पर्याय, ज्याला लॅबवाले लस्टर किंवा सिल्क म्हणतात, तो घ्या. समोर बाल्कनी आहे आणि काच नकोच असेल तर मॅट लॅमिनेशन करा. दाणेदार सिल्कची एक अडचण लक्षात ठेवा: पुढे कधी तो प्रिंट स्कॅन केला तर त्यातले दाणेही स्कॅनमध्ये उमटतात. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

ग्लॉसी थेट काचेला टेकवून फ्रेम करणं मात्र टाळाच. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात फोटोचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलून निघतो. माउंट शोभेसाठी असतोच, पण त्याचं खरं काम फोटो आणि काच यांच्यात फट ठेवणं.

टेबलावर ठेवायची छोटी भेट असेल तर हिशेब उलटा होतो. पाच बाय सातचा फोटो लोक हातात घेतात, तेव्हा तिथे इंचाला तीनशे हवेत, आणि ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात. तिथे छपाईचा प्रकारही विचारून घ्या. फोटो कागदावर रसायनांनी उमटवलेल्या प्रिंटमध्ये रंग सलग असतो, तर डिजिटल प्रेसवर जाड आर्ट कार्डावर छापलेल्यात बारीक ठिपके असतात. गालावर भिंग धरलं की फरक दिसतो. भिंतीवर तो जाणवत नाही, हातात जाणवू शकतो.

राहिली नावं. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. कोण कुठल्या रांगेत उभं आहे आणि तारीख कोणती, हे फ्रेमच्या मागच्या कागदावर लिहा. आणि तेही दुकानातून आणल्या आणल्या, भिंतीवर टांगायच्या आधी. नमस्कार.