राजीनाम्यानंतरचा हिशेब: पंचेचाळीस दिवस आले कोठून?

(कोल्हापूर येथे औद्योगिक वसाहतीतील कर्मचारी आणि छोटे उद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत मी आयुष्यभर पगारपत्रकेच केली. त्यामुळे या सभागृहात किमान चार जण असे बसले असतील, ज्यांच्या पगारातून मीच कधीतरी कपात केली आहे. त्यांनी व्याख्यान संपेपर्यंत तरी शांत राहावे, ही विनंती.

राजीनामा दिलेल्या माणसाने ‘माझे पैसे केव्हा मिळतील?’ असे विचारले की आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत एकच उत्तर मिळते, ‘पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल होईल.’ हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिले जाते की ऐकणाऱ्याला ते कायद्याच्या पुस्तकातले वाटते. प्रत्यक्षात तो कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी पाडलेला पायंडा आहे. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणे खरे तर सोपे जायला हवे, कारण ऊस तोडून नेल्यावर चौदा दिवसांत एफआरपीचे पैसे जमा व्हायला हवेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि पंधराव्या दिवशी रस्त्यावर यायची आपली तयारी असते. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा फाउंड्रीतली नोकरी सोडतो, तेव्हा महिनोन् महिने फोन करून ‘साहेब, तेवढं बघा की’ म्हणत राहतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की अंतिम हिशेब ही एकच रक्कम नसते. त्यात निरनिराळी देणी असतात, प्रत्येकाची मुदत वेगळी असते आणि प्रत्येकाचा पायाही वेगळा असतो. कंपनी ती सगळी एका दोरीत बांधते आणि सर्वांत उशिराच्या देण्याची मुदत सगळ्यांना लावते.

एक उदाहरण घेऊ. माणसाचे आणि कारखान्याचे नाव सांगत नाही, आणि आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत. हे गृहस्थ एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागाचे पर्यवेक्षक होते. 1 जुलै 2018 रोजी ते रुजू झाले आणि 10 फेब्रुवारी 2026 हा त्यांचा शेवटचा दिवस ठरला. एकूण पगार 42,000 रुपये, त्यात मूळ वेतन 16,000 आणि बाकी सारे भत्ते. शिल्लक रजा 30 दिवस. नियुक्तिपत्राप्रमाणे 60 दिवसांची नोटीस द्यायची होती, पण चाकणला नवी नोकरी लागल्याने त्यांनी 45 दिवसच भरले, म्हणजे 15 दिवस कमी पडले.

कंपनीने त्यांच्या हातात जो कागद ठेवला, त्यात फेब्रुवारीच्या दहा दिवसांचा पगार 15,000 रुपये होता. हा आकडा बरोबर आहे, कारण 42,000 भागिले 28 गुणिले 10 म्हणजे 15,000 होतात. रजेचे पैसे 16,000 दाखवले होते, कारण ते मूळ वेतनावर काढले होते. नोटिशीची कपात मात्र 21,000 होती, कारण ती एकूण पगारावर काढली होती. म्हणजे तीस दिवसांच्या रजेची किंमत सोळा हजार आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीची किंमत एकवीस हजार! देताना मूळ वेतन आणि घेताना एकूण पगार, हे गणित मी ज्या ज्या कार्यालयात पाहिले तिथे ते करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते, याचेच मला अधिक आश्चर्य वाटत आले आहे. शेवटी हातात दहा हजार, त्यातून फेब्रुवारीचा व्यवसाय कर 300 रुपये वजा. (इतर महिन्यांत तो 200 असतो, फेब्रुवारीतच 300, त्यामुळे या शंभर रुपयांवरून भांडायला जाऊ नका.) भविष्यनिर्वाह निधीची कपात सोयीसाठी बाजूला ठेवतो. ग्रॅच्युइटीसमोर लिहिले होते, ‘नंतर’.

आता या गृहस्थांनी काय केले, तर आठ वर्षे फायलीत पडलेले नियुक्तिपत्र काढून वाचले. त्यात स्वच्छ लिहिले होते की नोटिशीचे दिवस कमी पडल्यास ‘तेवढ्या दिवसांचे मूळ वेतन’ वसूल केले जाईल. म्हणजे कपात 16,000 भागिले 30 गुणिले 15, अर्थात फक्त 8,000 रुपये. एका वाक्याने तेरा हजारांचा फरक पडला. तुमच्या पत्रात ‘एकूण वेतन’ असे लिहिले असेल तर निकाल उलटा लागेल, म्हणूनच राजीनामा लिहिण्यापूर्वी ते पत्र वाचावे, नंतर नव्हे.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न याहून रंजक आहे. सूत्र सगळ्यांना पाठ असते, शेवटचे मासिक वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. सात वर्षे सात महिने झाले असतील तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून आठ वर्षे. कंपनी 16,000 धरून 73,846 रुपये काढत होती. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरावी लागते. त्यामुळे 42,000 च्या पगारात वेतन किमान 21,000 धरावे लागेल आणि ग्रॅच्युइटी 96,923 रुपये होईल. पगाराचा मोठा भाग भत्त्यांत टाकून वर्षानुवर्षे निधी आणि ग्रॅच्युइटी वाचवणाऱ्या उद्योजक मित्रांनी आजच घरी जाऊन हिशेब करावा. पहिल्या रांगेतले दोघे आताच मोबाइलवर गणित करताना दिसत आहेत.

आता माझा जुना राग. तो ‘नो ड्यूज’ नावाच्या कागदाविषयी आहे. स्टोअर, टूलरूम, कँटीन, संगणक विभाग, सुरक्षा, लेखा अशा सहा जणांच्या सह्या झाल्याशिवाय पैशाची फाइल पुढे सरकत नाही. वरच्या गृहस्थांचा कागद टूलरूममध्ये अडकला, कारण त्यांच्या नावावर एक व्हर्नियर कॅलिपर चढलेला होता. तो त्यांनी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीच्या पर्यवेक्षकाला दिला होता, नोंद मात्र बदललेली नव्हती. टूलरूमचे प्रमुख गावच्या जत्रेला गेलेले, परतले ते आजारी पडून. मधल्या काळात यांचे सगळे पैसे एका व्हर्नियरसाठी थांबले. शेवटी तो व्हर्नियर दुसऱ्या पाळीच्या कपाटातच सापडला, पुसून, तेल लावून ठेवलेला.

कायदा इथे काय म्हणतो, ते नीट ऐका. कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू त्याच्या हलगर्जीपणामुळे हरवली, तर तिची किंमत वेतनातून कापता येते, पण त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे वाद आहे तो व्हर्नियरच्या किमतीपुरता. तेवढ्या वादासाठी उरलेले सगळे पैसे अडवून धरण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. ग्रॅच्युइटीला तर हात लावताच येत नाही. ती जप्त करता येते ती गैरवर्तनामुळे किंवा नुकसान केल्यामुळे कामावरून काढले असेल तरच आणि ठरावीक मर्यादेत. ज्याने स्वतःहून राजीनामा दिला, त्याची ग्रॅच्युइटी नोटिशीत वळती करणारा कागद मी पाहिला आहे, आणि त्यावर कर्मचाऱ्याची सहीही होती. कर्मचारी सही करतो ते ‘मला कंपनीकडून काहीही येणे नाही’ या ओळीखाली. अशी सही घेतल्याने ग्रॅच्युइटीचा कायदेशीर हक्क संपत नाही, तरीही हिशेब मान्य नसेल तर सहीशेजारी ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली’ एवढे स्वतःच्या अक्षरात लिहावे.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे आणि मुदतीविषयी बोलायचे, असे निमंत्रणपत्रिकेवर छापले होते ते अजून बाकीच आहे. पटकन सांगतो.

पगाराची मुदत दोन दिवसांची आहे. 1936 च्या वेतन कायद्यात ही सवलत मालकाने कामावरून काढलेल्यालाच होती, राजीनामा देणारा त्यात नव्हता. आता वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचे आहे, आणि ही तरतूद पर्यवेक्षक, व्यवस्थापक यांनाही लागू आहे. दिवस मोजायचे ते राजीनामा दिल्यापासून नव्हे, तर सेवा संपल्यापासून. आपल्या गृहस्थांचा शेवटचा दिवस मंगळवार, 10 फेब्रुवारी. म्हणजे गुरुवारी, 12 तारखेला 15,000 रुपये खात्यात हवेत. व्हर्नियर सापडो वा न सापडो.

शिल्लक रजेचे पैसे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला याच दोन दिवसांत मिळायला हवेत. 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन असणारा पर्यवेक्षक त्या व्याख्येत बसत नाही, त्याने नियुक्तिपत्र आणि कंपनीचे रजेचे नियम पाहावेत. ग्रॅच्युइटीला तीस दिवस, म्हणजे इथे 12 मार्च. त्यानंतर सरळ व्याज सुरू होते. लेखी अर्ज करून पोच घ्यावी, नुसते तोंडी विचारून भागत नाही. पात्र असणाऱ्याचा बोनस हिशेबाचे वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत द्यायचा असतो आणि वर्षात किमान तीस दिवस काम केले असेल तर मध्येच सोडून गेलेल्यालाही तो मिळतो. दिवाळीला जुन्या कंपनीत फोन करायला लाजू नये.

भविष्यनिर्वाह निधी या हिशेबात येतच नाही. ते पैसे कंपनीकडे नसतात. कंपनीने फक्त तुमच्या सेवासमाप्तीची तारीख पोर्टलवर भरायची असते, आणि तुम्ही खाते नव्या नोकरीकडे वर्ग करायचे असते. तारीख भरली आहे का, ते स्वतः पोर्टल उघडून पाहावे.

पैसे नाहीच मिळाले तर आधी ईमेलने मागणी करावी, त्यात प्रत्येक रकमेचा वेगळा आकडा आणि वेगळी तारीख लिहावी. ‘माझा फुल अँड फायनल द्या’ असे एका ओळीत लिहिले की पंचेचाळीस दिवसांचे उत्तर येते. ‘10 फेब्रुवारीपर्यंतचे वेतन 12 फेब्रुवारीला देय होते’ असे लिहिले की तेच पत्र लेखा विभागातून मालकाच्या टेबलावर जाते. त्यानेही भागले नाही, तर वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर करता येतो आणि तो प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश करू शकतो. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा सक्षम प्राधिकारी असतो, म्हणून दोन्ही दावे एकाच अर्जात कोंबू नयेत. चौकशी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करावी, जाताना नियुक्तिपत्र, राजीनाम्याची पोच, कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या बरोबर न्याव्यात.