चौथं प्रकरण

(दृश्य: गोव्यातलं बांबोळी. पावसाची रात्र. वसतिगृहाच्या खोलीत टेबलावर पॅथॉलॉजीचं जाड पुस्तक, उशाशी एक बारीक पुस्तक.)

पेडण्याची ही मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री पॅथॉलॉजी. महिनाभर एकच पान ती तीन-तीनदा वाचते आणि डोक्यात काही राहत नाही.

उशाशी आहे टॉल्स्टॉयची १८८६ सालची दीर्घकथा, ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. बारा प्रकरणं. झोपण्याआधी रोज एक.

थकलेल्या पोरीला मरणाची गोष्ट कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण चौथं प्रकरण बघा. इव्हान इलिच न्यायाधीश. आधीच्या प्रकरणात तो घरात पडदे कसे लावायचे ते दाखवताना शिडीवरून घसरतो, कुशीला मार बसतो. पुढे कूस दुखू लागते, तोंडाला विचित्र चव येते. डॉक्टरपुढे प्रश्न पडतो तो मूत्रपिंड की अपेंडिक्स एवढाच. रोग्याला मात्र एकच जाणून घ्यायचंय: हे गंभीर आहे का? तो विचारतो, पण डॉक्टरला तो प्रश्नच गैरलागू वाटतो. आपण कोर्टात आरोपीशी वागतो तस्साच हा आपल्याशी वागतोय, हे त्याला तिथे उमगतं.

पहिल्यांदा वाचताना तिने समासात संभाव्य रोगांची यादी केली. पुस्तक मिटलं तेव्हा यादी लक्षात होती, माणूस नव्हता. टॉल्स्टॉय शेवटपर्यंत रोगाचं नाव ठामपणे सांगत नाही. दुसऱ्यांदा तिने पेन्सिल बाजूला ठेवली, आणि रोगी काय विचारतो, उत्तर कोण देतं, एवढंच पाहिलं. सातव्या प्रकरणात गेरासिम हा खेडवळ नोकर त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, आणि त्याला बरं वाटतं. त्या घरात खोटं न बोलणारा तोच एक.

(दृश्य: वही. निळी शाई.)

अमेरिकेतल्या डॉक्टर रीटा शेरॉन विद्यार्थ्यांना ‘समांतर केस पेपर’ लिहायला लावतात. केस पेपरवर जे बसत नाही, ते साध्या भाषेत इथे लिहायचं. हिनेही सुरू केलं. रोग्याचं नाव नाही, खाटेचा नंबर नाही. रोज आठ-दहा ओळी. झोपच उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र वही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञच गाठायला हवा, हे तिने पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

परवाची नोंद एका रेंदेराची, माडावर चढून माडी काढणाऱ्या म्हाताऱ्याची. यकृत खराब, पोटात पाणी. हिस्टरी पुरी झाल्यावर तो म्हणाला, “दोतोर, बरें जातलें न्हय?”

तिने लिहिलंय: ‘मी हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. चौथं प्रकरण.’

खाली दुसऱ्या दिवसाची शाई: ‘परत गेले. म्हटलं, मी अजून शिकतेय, हे मला सांगता येणार नाही. सरांना घेऊन येते. सर बोलत होते तेवढा वेळ तिथेच थांबले. मग त्याने मला विचारलं, माझे माड आता कोण करणार?’